लघवीत साखर किती? चार गुणांचा एक प्रश्न

प्रश्न: रक्तद्रवाच्या 100 मिलिलिटरमध्ये 400 मिलिग्रॅम ग्लुकोज आहे. मूत्रपिंडे मिनिटाला 125 मिलिलिटर द्रव गाळतात. नलिका मिनिटाला जास्तीत जास्त 375 मिलिग्रॅम ग्लुकोज परत शोषतात. लघवीत किती ग्लुकोज उतरेल, आणि का?

उत्तर: दर मिलिलिटरमध्ये 4 मिलिग्रॅम, म्हणून मिनिटाला 125 × 4 = 500 मिलिग्रॅम ग्लुकोज गाळले जाते (1 गुण). सुरुवातीच्या नलिकेतील वाहक प्रथिने सोडियमच्या जोडीने ते शोषतात (1 गुण). वाहक मोजकेच असल्याने शोषणाला कमाल मर्यादा येते (1 गुण). उरलेले 125 मिलिग्रॅम दर मिनिटाला लघवीत जाते (1 गुण).

एकक न बदलता थेट 400 ने गुणले, तर उत्तर शंभरपट फुगते आणि पहिला गुण तिथेच जातो.