सहा चेंडूंची वाटणी : सुपर ओव्हरमधील फलंदाज, गोलंदाज आणि क्रम

मर्यादित षटकांच्या क्रिकेटमध्ये दोन्ही संघांच्या धावा समान झाल्या, म्हणजे निर्णयासाठी प्रत्येक संघास एकेक षटक खेळावयास देतात. यासच सुपर ओव्हर असे म्हणतात. तीत दोन गडी बाद झाले की डाव संपतो. म्हणजे अकरांपैकी फार तर तिघांनाच फलंदाजीची संधी मिळते, आणि गोलंदाज तर एकच असतो. सामना संपल्यापासून हे षटक सुरू होईपर्यंत कर्णधाराच्या हाती अवघी काही मिनिटे असतात. या मिनिटांत तो नेमके काय ठरवितो, याविषयी प्रेक्षकांत एक समज रूढ आहे : सर्वांत जोरकस असे तीन फलंदाज आणि सर्वांत चांगला गोलंदाज निवडला की काम झाले. हा समज अपुरा आहे. कर्णधारास खरोखर ठरवावयाचे असते ते असे की, सहा चेंडूंपैकी कोणाच्या वाट्यास किती चेंडू येतील आणि कोणत्या वेळी येतील. प्रस्तुत लेखात दोन सामन्यांच्या आधारे हीच गोष्ट स्पष्ट करावयाची आहे.

प्रथम फलंदाजीचा क्रम पाहू. क्रिकेटमध्ये सम धावा निघाल्या तर तोच फलंदाज पुढचा चेंडू खेळतो, आणि विषम धावा निघाल्या तर दुसरा समोर येतो. हा साधा नियम सहा चेंडूंच्या डावात फार महत्त्वाचा ठरतो. समजा, दर दोन चेंडूंपैकी एकावर विषम धावा निघतात आणि कोणी बाद होत नाही. मग पहिला चेंडू खेळणाऱ्याच्या वाट्यास सरासरीने साडेतीन चेंडू येतील आणि त्याच्या जोडीदारास अडीच. मोठे फटके वाढून विषम धावा तीन चेंडूंतून एकदाच निघू लागल्या, तर हे प्रमाण साधारणतः पावणेचार आणि सव्वादोन असे होईल. अर्थात ही सरासरी झाली. प्रत्यक्षात जोडीदारास एकही चेंडू न मिळणे शक्य असते. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. समोरच्या गोलंदाजाविरुद्ध जो अधिक समर्थ, त्यानेच पहिला चेंडू खेळावा ही पहिली. दुसऱ्या टोकास उभा राहणारा हा उसंत न घेता, पहिल्याच चेंडूवर काही करू शकणारा आणि धावण्यात चपळ असावा ही दुसरी.

आता उदाहरण घेऊ. १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंड आणि इंग्लंड या दोघांच्याही २४१ धावा झाल्या. सामन्यात नंतर फलंदाजी करणारा संघ सुपर ओव्हरमध्ये प्रथम खेळतो. म्हणून इंग्लंडचे फलंदाज आधी मैदानात उतरले. स्टोक्स व बटलर ही जोडी निवडली गेली. सामन्यात याच दोघांनी शतकी भागीदारी केली होती; स्टोक्स ८४ धावांवर नाबाद होता, परंतु तो तितकाच थकलेलाही होता. स्टोक्स डावखुरा आणि बटलर उजवा. त्यामुळे प्रत्येक विषम धावेनंतर गोलंदाजास आपली दिशा आणि कर्णधारास आपले क्षेत्ररक्षण बदलावे लागे. शिवाय मैदानाची एक बाजू आखूड असेल तर अशा जोडीपैकी एकास ती ओढून मारावयाच्या फटक्यासाठी सोयीची पडतेच.

न्यूझीलंडपुढील गोलंदाजाची निवड अधिक अवघड होती. सामन्यात दहा षटकांची मर्यादा पूर्ण केलेला गोलंदाजही येथे चालतो. त्यामुळे सर्वच नावे खुली होती. डावखुऱ्या बोल्टने नुकतेच सामन्याचे अखेरचे षटक टाकले होते आणि त्यात चौदा धावा गेल्या होत्या. उलट, फर्ग्युसनने त्या दिवशी तीन बळी घेतले होते व बटलरला त्यानेच बाद केले होते. न्यूझीलंडने अनुभवी बोल्टवर भिस्त ठेविली. स्टोक्सने पहिल्या चेंडूवर तीन, बटलरने दुसऱ्यावर एक, स्टोक्सने पुढील दोन चेंडूंवर चार व एक, आणि बटलरने अखेरच्या दोन चेंडूंवर दोन व चार अशा धावा घेतल्या. एकूण पंधरा धावा झाल्या. दोघांच्याही वाट्यास तीन-तीन चेंडू आले. बोल्टची निवड चुकली असे यावरून सिद्ध होत नाही, कारण एका षटकाचा निकाल हा निवडीचा पुरावा नव्हे. परंतु निवडीच्या वेळी विचारावयाचा प्रश्न यातून कळतो. सामन्यात आज कोणी चांगली गोलंदाजी केली, एवढाच तो प्रश्न नव्हे. समोर येणाऱ्या याच दोघांना ज्याचा चेंडू उचलून मारणे कठीण जाईल, असा कोण, हा तो प्रश्न होय.

त्या दिवशीच्या नियमाप्रमाणे सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली तर अधिक चौकार-षटकार मारणारा संघ विजयी ठरणार होता, आणि त्या हिशेबात इंग्लंड पुढे होते. म्हणून न्यूझीलंडला पंधरा नव्हे, सोळा धावा हव्या होत्या. त्यांनी नीशॅम आणि गप्टिल ही जोडी पाठविली. नीशॅम डावखुरा, गप्टिल उजवा. गप्टिलची ती स्पर्धा फलंदाज म्हणून चांगली गेली नव्हती. तथापि तो चपळ धावपटू होता. पहिला चेंडू नीशॅमने खेळावा असे ठरले. इंग्लंडने आर्चरच्या हाती चेंडू दिला. आर्चरला आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये येऊन फार दिवस झाले नव्हते. परंतु वेगवान आणि फलंदाजाच्या पायाशी पडणारा चेंडू टाकण्यात तो तरबेज होता.

आर्चरचा पहिलाच चेंडू वाइड पडला. सुपर ओव्हरमध्ये वाइडची किंमत दुहेरी असते : एक धाव जाते, आणि प्रतिपक्षास खेळावयास तेवढेच चेंडू शिल्लक राहतात. त्यानंतर नीशॅमने दोन, सहा, दोन आणि दोन अशा धावा घेतल्या. सर्व सम, त्यामुळे स्ट्राइक त्याच्याकडेच राहिली. पाचव्या चेंडूवर एकच धाव मिळाली. एकूण चौदा धावा झाल्या आणि गप्टिल समोर आला. षटकातील त्याचा हा पहिला चेंडू आणि सामन्यातील अखेरचा. विजयास दोन धावा हव्या होत्या. गप्टिलने चेंडू मिडविकेटकडे ढकलला, एक धाव पूर्ण केली, आणि दुसरी घेताना रॉयच्या फेकीवर बटलरने त्यास धावचीत केले. धावा समान झाल्या आणि चौकार-षटकारांच्या संख्येवर विश्वचषक इंग्लंडकडे गेला.

येथे न्यूझीलंडची योजना फसली असे म्हणणे सोपे आहे. पण नीट पाहिले तर योजनेचा पहिला भाग अगदी अपेक्षेप्रमाणे साधला होता : समर्थ ठरलेल्या नीशॅमला पाच चेंडू मिळाले आणि वाइड धरून चौदा धावा झाल्या. कसोटी लागली ती दुसऱ्या भागाची. पाच चेंडू पलीकडून पाहत उभा राहिलेला मनुष्य एकदम शेवटच्या चेंडूसमोर आला. जोडीदारास कमी चेंडू मिळतील, हे गणित सांगते; परंतु ते कमी चेंडू षटकाच्या शेवटी येण्याची शक्यता मोठी असते, हेही गणितच सांगते. म्हणून दुसऱ्या टोकासाठी केवळ धावपटू पुरेसा नाही. अर्थात, त्यास धावता येत नसेल तरीही भागत नाही.

धावण्याचा हा मुद्दा १७ जानेवारी २०२४ रोजी बंगळूर येथे भारत-अफगाणिस्तान सामन्यात वेगळ्या रीतीने पुढे आला. दोन्ही संघांच्या २१२ धावा झाल्यावर पहिल्या सुपर ओव्हरमध्ये अफगाणिस्तानने सोळा धावा केल्या. भारतातर्फे रोहित शर्मा आणि जयस्वाल खेळत होते. पाच चेंडूंत पंधरा धावा झाल्या. अखेरच्या चेंडूवर दोन हव्या होत्या आणि समोर जयस्वाल होता. त्या क्षणी रोहितने स्वतः बाहेर जाऊन पलीकडच्या टोकास रिंकू सिंगला बोलाविले, कारण दुसरी धाव धावण्यात रिंकू अधिक चपळ होता. लॉर्ड्सवर गप्टिलला कमी पडलेल्या अंतराचा विचार येथे चेंडू टाकण्यापूर्वीच झाला होता. प्रत्यक्षात एकच धाव मिळाली आणि पुन्हा बरोबरी झाली.

लॉर्ड्सचा चौकारांचा नियम ऑक्टोबर २०१९ मध्ये रद्द झाला असून आता निकाल लागेपर्यंत पुन्हा सुपर ओव्हर खेळतात. त्यामुळे योजनेस आणखी एक पदर प्राप्त झाला आहे. आधीच्या सुपर ओव्हरमध्ये बाद झालेला फलंदाज पुढच्यात खेळू शकत नाही, आणि लगतच्या सुपर ओव्हरमध्ये गोलंदाजी केलेला गोलंदाज पुन्हा चालत नाही. म्हणजे बंगळूरला रोहितचे बाहेर जाणे हे एका चेंडूपुरते होते की त्यास बाद मानावयाचे, या शब्दार्थाच्या प्रश्नावरच दुसऱ्या षटकात तो खेळणार की नाही हे अवलंबून होते. दुखापतीमुळे निवृत्त झालेला बाद नसतो. स्वेच्छेने निवृत्त झालेला बाद धरला जातो. यावर नंतर पुष्कळ चर्चा झाली. रोहित मात्र दुसऱ्या षटकातही खेळावयास आला, आणि त्याने पहिल्या तीन चेंडूंवर सहा, चार व एक अशा धावा केल्या. भारताचे दोन्ही गडी पाच चेंडूंत बाद होऊन अकरा धावा झाल्या. आधीच्या षटकाचे गोलंदाज मुकेश कुमार व ओमरझाई यांना बाजूस राहावे लागले होते. भारताने आता फिरकी गोलंदाज बिश्नोईकडे चेंडू सोपविला. तीन चेंडूंत एकच धाव देऊन त्याने दोन्ही बळी घेतले आणि सामना संपला.

तात्पर्य, कर्णधाराने पहिल्या सुपर ओव्हरसाठी नावे लिहिताना दुसरी यादीही मनात तयार ठेविली पाहिजे. आपला उत्तम गोलंदाज आता वापरला तर पुढच्या षटकास कोण उरतो, आणि आजचे दोन फलंदाज बाद झाले तर उरलेल्यांतून पहिला चेंडू कोण खेळेल, ही उत्तरे त्याच्यापाशी आधीच हवीत. बरोबरी होईपर्यंत थांबून ती शोधावयास वेळ मिळत नाही.