बोट उचलण्याआधीच उडी

‘सबवे सर्फर्स’सारख्या धावण्याच्या गेममध्ये उडी मारायला बटण नसते. बोट वर ओढले की उडी, खाली ओढले की लोळण. खरे तर फोनला ‘ओढणे’ कळतच नाही. बोट टेकले, सरकले, उचलले एवढेच तो कळवतो. सोबत जागा आणि वेळ देतो. अर्थ गेमलाच लावावा लागतो, आणि माझ्या मते सगळा कस तो कधी लावायचा यात आहे.

समजा, बोट पडद्यावर डावीकडून ५०० आणि वरून १४०० पिक्सेलवर टेकले. ५० मिलिसेकंदांनी ते ५०८, १३४० वर पोहोचले. आडवे अंतर ८, उभे ६०. उभे मोठे, आणि वरून मोजलेला आकडा घटला, म्हणजे बोट वर गेले. उडी! खेळाडू बोट उचलतो ते मात्र साधारण १५० मिलिसेकंदांनी. अँड्रॉइडची तयार onFling सोय स्वाइप कळवते ती बोट उचलल्यावरच. तिच्यावर विसंबलो तर १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर सहा चित्रे वाया जातात. तेवढ्यात धावणारा समोरच्या डब्यावर आदळलेला असतो आणि खेळाडू म्हणतो, ‘मी तर वेळेत ओढलं होतं!’ त्याचे म्हणणे बरोबरच असते. म्हणून ठरलेले अंतर ओलांडताच उडी द्यावी आणि त्याच जागेपासून मोजणी नव्याने सुरू करावी. मग बोट न उचलता लगेच दुसरा स्वाइपही करता येतो.

हे अंतर पिक्सेलमध्ये ठरवू नये. इंचाला ४०० पिक्सेल असलेल्या फोनवर ६० पिक्सेल म्हणजे जेमतेम ४ मिलिमीटर; इंचाला १६० असतील तर तेच साडेनऊ मिलिमीटर होतात. अँड्रॉइड यासाठी dp हे माप वापरते, इंचाचा १६०वा भाग. स्थिर धरलेले बोटही थोडे हलतेच, म्हणून सुमारे ८ dp, म्हणजे सव्वा मिलिमीटरपर्यंतची हालचाल ते सरकणे मानत नाही.

त्या मर्यादेत राहून बोट लवकर उचलले गेले तर टॅप. न हलता साधारण अर्धा सेकंद टेकलेलेच राहिले तर लाँग प्रेस. इथे एक फसगत होते. बोट अगदी स्थिर असेल तर फोनकडून नवी बातमी येईलच असे नाही. ‘सरकले’च्या बातमीची वाट पाहत वेळ मोजणारा गेम कधीकधी लाँग प्रेस ओळखतच नाही. वेळ प्रत्येक चित्रागणिक स्वतंत्रपणे तपासावी लागते. दुसरे असे की, टॅप आणि लाँग प्रेस दोन्ही ठेवले तर टॅपचा निकाल बोट उचलेपर्यंत लागत नाही. त्यामुळे झटपट गोळी झाडण्याच्या गेममध्ये गोळी बोट टेकताच सुटावी आणि लाँग प्रेसने पुढचा जोरदार मारा भरत जावा, हे मला जास्त योग्य वाटते.

आणखी एक बातमी विसरली जाते: ACTION_CANCEL. मध्येच फोनने स्पर्शाचा ताबा घेतला की ‘उचलले’ येत नाही, हीच बातमी येते. ती आली की चालू मोजणी पुसून टाका. नाहीतर बोट नसतानाही लाँग प्रेस सुरूच राहील.