एक चाल, चार वाद्ये

सटाण्यात लग्नाची वरात निघाली की बँडचे क्लॅरिनेट चाल वाजवते, मोठी पितळी वाद्ये खालचे सूर धरतात आणि ढोल ठेका देतो. तीच चाल दोन व्हायोलिन, एक व्हियोला आणि एक चेलो यांच्या चौकडीला द्यायची तर? येथे ढोल नाही. ठेकाही तारांतूनच काढायचा. हिंदी चित्रपटसंगीतात असे वाटप करण्याचे काम अँथनी गोन्साल्विस, सॅबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोव्याच्या संयोजकांनी केले. संगीतकाराने बांधलेल्या चालीतून ते प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद लिहीत.

आपण चार मात्रांच्या चार खंडांची एक साधी चाल घेऊ :

सा रे ग ग । प म ग रे । रे ग म रे । सा – – –

मधला सा २९४ हर्ट्झचा, म्हणजे पांढरी दोनचा मानू. व्हायोलिनचा सर्वांत खालचा सूर १९६, व्हियोलाचा १३१, तर चेलोचा ६५ हर्ट्झ असतो. वाटप या मर्यादांवरूनच ठरते.

आधी सोबतीचे सूर ठरवू. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या खंडात सा-ग-प चालतात. तिसऱ्यात रे वारंवार येतो, म्हणून तेथे प-नी-रे घेऊ.

आता वाटप. पहिले व्हायोलिन चाल तार सप्तकात वाजवील. दुसरे मधल्या सप्तकातला ग लांब धरील, तिसऱ्या खंडात रेवर उतरेल आणि पुन्हा गवर येईल. चेलो गज न वापरता तार बोटाने छेडील : पहिल्या मात्रेला खालचा सा, तिसरीला प, तिसऱ्या खंडात प आणि रे. व्हियोला दुसऱ्या व चौथ्या मात्रेला आखूड सा देईल, तिसऱ्या खंडात नी. चेलोचा 'धम्' आणि व्हियोलाचा 'चक्' मिळून ढोलाचे काम होते.

पुढच्या फेरीत चाल चेलोला देऊ. येथे हमखास चूक होते. चेलोने ती आपल्या खालच्या सप्तकात वाजवली, तर तिच्याखाली आधार देणारे कोणीच उरत नाही. म्हणून चेलोने वरच्या तारेवर, मधल्या सप्तकात (२९४ ते ४४०) वाजवावे आणि छेडण्याचे काम व्हियोलाने घ्यावे. व्हियोलाला १४७ हर्ट्झचा सा मिळतो, पण त्याखालचा ११० हर्ट्झचा प मिळत नाही. म्हणून तिने वरचा २२० हर्ट्झचा प घ्यावा. दोन्ही व्हायोलिनांनी लांब सूर आणि आखूड ठोके तार सप्तकात, अगदी हळू वाजवावेत.

वाटप जमले की नाही हे कसे ओळखावे? चाल माहीत नसलेल्या विद्यार्थ्याला एकदा ऐकवून ती गुणगुणायला सांगावे. त्याने लांब धरलेला सूरच गुणगुणला, तर सोबतीने चाल झाकली आहे. मग चालवाल्याला जोर लावायला न सांगता, सोबतीचा सूर आखूड करावा किंवा चालीपासून दूरच्या सप्तकात न्यावा. आणि पाय ठेका धरत नसेल, तर व्हियोलाचे ठोके लांबले आहेत असे समजावे.