जिंकूनही गुण घटतात तेव्हा

2018च्या फुटबॉल विश्वचषकाच्या सोडतीत पोलंड अव्वल मानांकित गटात होता आणि स्पेन दुसऱ्या. पोलंडची ही करामत मैदानापेक्षा कागदावरची जास्त होती.

तेव्हा फिफाचा हिशेब गुणाकाराचा होता. विजयाचे 3 गुण, गुणिले सामन्याचे वजन (पात्रता फेरीला 2.5, मैत्रीपूर्ण सामन्याला 1), गुणिले 200 वजा प्रतिस्पर्ध्याचा क्रमांक. खंडाचा गुणक युरोपात जवळपास 1, तो सोडून देऊ. पन्नासाव्या संघाला पात्रता फेरीत हरवलं की 1125 गुण. त्याच संघाला मैत्रीपूर्ण सामन्यात हरवलं तर 450. मग वर्षभराच्या सामन्यांची सरासरी काढायची. दोन्ही सामने जिंकलेल्या संघाची सरासरी 787.5, म्हणजे दुसरा सामना खेळलाच नसता तर बरं! पोलंडने तेच केलं: मानांकन ठरवणाऱ्या क्रमवारीआधीच्या वर्षभरात जेमतेम एक मैत्रीपूर्ण सामना. विश्वचषकात मात्र तो आपल्या गटात तळाला राहिला.

2018 मध्येच फिफाने सरासरी मोडीत काढली. आता प्रत्येक सामन्यानंतर, अपेक्षेच्या तुलनेत निकाल कसा लागला त्यानुसार, आधीच्या गुणांत भर पडते किंवा वजावट होते.

टेनिसमध्ये सरासरी नाही, गेल्या 52 आठवड्यांतल्या सर्वोत्तम निकालांची बेरीज असते. तिथे खोट वेगळी. 2022च्या विम्बल्डनला गुणच दिले गेले नाहीत. जोकोविच जिंकला, पण आदल्या वर्षीचे 2000 गुण गळाले आणि विजेता तिसऱ्यावरून सातव्या क्रमांकावर घसरला.