कागदावरची काळी रेघ

२०२४ सालच्या मार्च महिन्यात आमच्या भौतिकशास्त्र विभागाच्या सूचनाफलकावर अंतर्गत परीक्षेच्या गुणांची यादी लागली, आणि आमच्या एका मित्राला वीसपैकी सतरा गुण पडल्याचे पाहून सारा वर्ग चकित झाला. सर्वांत अधिक चकित तो स्वतः झाला. त्याने त्याच संध्याकाळी आम्हांला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी सरांनी आपल्या वहीशी यादी ताडून पाहिली तेव्हा कळले की, गुण सातच होते. त्या साताच्या डावीकडे जी उभी काळी रेघ होती तो इंग्रजी आकड्यांतला एक नव्हे, तर विभागाच्या लेसर प्रिंटरने आपल्या पदरचा घातलेला प्रसाद होता.

रेघ जर वरपासून खालपर्यंत सलग असती तर कुणीच फसले नसते. पण ती तुटक होती. कुठे दिसे, कुठे विरून जाई, आणि नेमकी आमच्या मित्राच्या ओळीत ठसठशीत उमटली होती. त्या दिवसापासून मी या रेघेच्या मागे लागलो. त्यातून जे हाती आले ते येथे सांगतो, कारण आज प्रत्येक कचेरीत आणि प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात ही रेघ केव्हा ना केव्हा भेटतेच.

रेघ का उमटते हे कळण्यासाठी काडतुसाच्या, म्हणजे कार्ट्रिजच्या, पोटात काय चालते ते थोडे पाहावे लागेल. त्यात अ‍ॅल्युमिनियमची एक पोकळ नळी असते. तिच्यावर प्रकाशाला संवेदनशील असा लेप असतो. तो सारा मिळून वीस-पंचवीस मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. हाच ड्रम. अंधारात हा लेप विद्युतभार धरून ठेवतो, आणि प्रकाश पडला की तेथला भार आतल्या धातूत उतरून जातो. ड्रमला चिकटून फिरणारा एक काळा रबरी रूळ त्याच्यावर सर्वत्र सारखा ऋण भार चढवतो, सुमारे सहाशे व्होल्टचा. मग लेसरचा किरण जेथे अक्षर हवे तेथेच पडतो व तेवढ्या जागेचा भार उतरवतो. टोनरची भुकटीही ऋण भाराचीच असते. त्यामुळे भारलेल्या जागेपासून ती दूर ढकलली जाते आणि भार उतरलेल्या जागी जाऊन बसते. तेथून ती कागदावर जाते आणि पुढे तापलेल्या रुळांखाली वितळून पक्की होते.

येथपर्यंतची हकिगत पुस्तकांत सापडते. पुढचा भाग मात्र बहुधा एका वाक्यात उरकलेला असतो, आणि आपल्या रेघेचे मूळ तेथेच आहे. ड्रमवरची सगळी भुकटी कागदावर जात नाही. थोडी मागे राहते. आमच्या काडतुसातल्या ड्रमचा व्यास २४ मिलिमीटर, म्हणजे परीघ ७५ मिलिमीटरच्या आसपास. ए-फोर कागदाची लांबी २९७ मिलिमीटर. तेव्हा एक पान छापताना ड्रम जवळजवळ चार वेळा फिरतो, आणि दर फेरीला पाटी पुसून कोरी करावी लागते. हे काम पॉलियुरेथेनची एक पट्टी करते. ती पोलादी पट्टीवर चिकटवलेली असते आणि तिची धार ड्रमच्या पूर्ण लांबीवर टेकलेली असते. रिफिल करणारे तिला वायपर ब्लेड म्हणतात. ती उरलेली भुकटी खरवडून मागच्या कप्प्यात ढकलते. तो कप्पा म्हणजे वेस्ट टोनरची पेटी.

आता काळी उभी रेघ दोन वेगळ्या वाटांनी येते. पहिली वाट ड्रमवरच्या ओरखड्याची. लेप एखाद्या जागी घासून गेला की तेथे भार टिकत नाही. तो सरळ धातूत उतरतो. यंत्राच्या दृष्टीने तेथे जणू लेसरचा किरण सतत पडतो आहे. साहजिकच भुकटी तेथे बसते. ओरखडा जर ड्रमभोवती कड्यासारखा फिरलेला असेल तर कागदावर सलग, बारीक, काठ कापल्यासारखी धारदार रेघ मिळते. (ओरखडा न पडता नुसता टोचा पडला असेल तर रेघ उमटत नाही, दर ७५ मिलिमीटरला एक ठिपका उमटतो. एका पानावर तीन-चार ठिपके एकाखाली एक दिसले की पट्टीने मोजून पाहावे.)

दुसरी वाट ब्लेडची. तिची धार एखाद्या जागी कुरतडली किंवा तिच्याखाली कचऱ्याचा कण अडकला, की तेवढ्या फटीतून भुकटी पलीकडे निसटते आणि फिरून कागदावर येते. ही रेघ मऊ असते, काठ पुसट, रुंदी कमीजास्त, आणि पुष्कळदा तुटक. आमच्या मित्राला दहा गुण देणारी रेघ या जातीची होती.

एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. छपाई व झेरॉक्स दोन्ही करणारे यंत्र असेल आणि रेघ केवळ वरून कागद ओढून काढलेल्या प्रतींवर येत असेल, संगणकावरून छापलेल्या पानावर येत नसेल, तर ड्रमला दोष देऊ नये. अरुंद काचेवर धुळीचा किंवा शाईचा ठिपका बसलेला असतो, आणि ओल्या फडक्याने काम भागते. तसेच लेसरच्या मार्गातल्या आरशावर धूळ बसली तर रेघ पांढरी येते, काळी नव्हे.

आता आमच्या यंत्राची कथा. मार्चमध्ये यादी हाताने दुरुस्त झाली आणि सगळे विसरले. एप्रिलमध्ये मात्र रेघ सलग व धारदार झाली. प्रयोगशाळेतले मामा काडतूस घेऊन रिफिलच्या दुकानात गेले. "गेरे येतेय म्हणजे ड्रम गेलाय बघा मामा," एवढे सांगून दुकानदाराने नवा ड्रम बसवून दिला. त्याचे निदान चूक नव्हते. पाने स्वच्छ येऊ लागली. पण तीन आठवड्यांनी, साधारण तीनशे पानांनंतर, रेघ परत आली. पुन्हा मऊ, पुन्हा तुटक.

"काय रे, ही रेघ तुझ्या मागे लागलीय की तू तिच्या?" असे सर म्हणाले खरे, पण काडतूस उघडायला परवानगीही त्यांनीच दिली.

मी फायलीतून मार्चचे, एप्रिलचे आणि मेचे एकेक पान काढले व मोजले. तिन्हींत रेघ उजव्या कडेपासून ५२ मिलिमीटरवर होती. नव्या ड्रमवर जुन्याच जागी रेघ यावी, याचा अर्थ उघड होता: कारण ड्रमबरोबर गेलेले नव्हते, काडतुसातच राहिले होते.

मग एक साधी परीक्षा केली. पाच कोरी पाने छापली, म्हणजे एकही अक्षर नसलेली. पहिल्या पानावर रेघ होती, तिसऱ्यावर अगदी फिकी, पाचव्यावर नाहीशी झाली. त्यानंतर मोठ्या काळ्या चौकोनांचे एक पान छापले आणि पुन्हा एक कोरे पान काढले. त्यावर रेघ ठळक होऊन हजर. ओरखड्याला पानावर किती मजकूर आहे याच्याशी कर्तव्य नसते, तो कोऱ्या पानावरही तसाच उमटतो. खरवडण्याजोगी भुकटी वाढली की वाढणारी आणि आटली की आटणारी रेघ ही ब्लेडखालून झिरपणारी.

खोलीतला दिवा मंद करून काडतूस बाहेर काढले. ड्रमला फार उजेड सोसत नाही, आणि उन्हात तर तो मुळीच नेऊ नये. पानाची छापील बाजू ड्रमकडे करून, कागद ज्या अंगाने आत जातो त्याच अंगाने धरले. रेघेच्या समोरच ड्रमवर भुकटीचा पट्टा दिसला. मऊ कोरड्या सुती कापडाने तो हलकेच पुसला. खाली लेप अखंड व चकचकीत होता. ड्रम त्याच्या नेहमीच्या दिशेने दात्यांना धरून एक फेरी फिरवला, आणि पट्टा पुन्हा आला. उलट दिशेने तो कधीही फिरवू नये, ब्लेडची धार दुमडते. बोट लावू नये आणि स्पिरिटही लावू नये. काही जण टूथपेस्टने ड्रम घासायला सांगतात. त्याने वर चिकटलेला थर निघतही असेल, पण टूथपेस्ट ही मुळात घासण्याची पूड आहे, ती केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा लेपही घासते. खऱ्या ओरखड्याला दुरुस्ती नाही, ड्रमच बदलावा लागतो.

आमचा नवा ड्रम अजून वाचलेला होता. ब्लेड काढून ते मी आमच्या प्रयोगशाळेतल्या चलसूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. ज्या उपकरणाने आम्ही केशनलिकेचा व्यास मोजतो त्याला हे काम सहज जमले. धारेत ०.३ मिलिमीटर रुंदीची खाच होती आणि तिच्यात एक पांढरट, कठीण कण रुतून बसला होता. तो आला कोठून? आमच्या विभागात काटकसर म्हणून पाठकोरे कागद वापरतात, आणि त्यांतल्या कित्येकांवर वाळलेल्या व्हाइटनरच्या खपल्या असतात. माझा संशय त्यांवर आहे.

आता तिन्ही महिन्यांचा हिशेब लागला. कण ब्लेडखाली अडकला तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंनी धार किंचित उचलली गेली व भुकटी झिरपू लागली; ती मार्चची मऊ रेघ. त्याच कणाने दर पानाला चार फेऱ्या या हिशेबाने ड्रम घासला, लेप गेला, आणि एप्रिलची धारदार रेघ आली. दुकानदाराने घासला गेलेला ड्रम बदलला आणि घासणारा तसाच ठेवला. आणखी काही आठवडे गेले असते तर नव्या ड्रमचीही तीच गत झाली असती.

त्यात भर म्हणजे वेस्ट टोनरची पेटी गच्च भरलेली होती. दोनदा रिफिल झाले, पण ती रिकामी झाली नव्हती. पेटी भरली की खरवडलेल्या भुकटीला जायला जागा उरत नाही, ती धारेपाशीच साचते. याहून वाईट प्रकार म्हणजे हीच भुकटी पुन्हा टोनर म्हणून भरणे. तिच्यात कागदाचे तंतू आणि धूळ मिसळलेली असते. ती फेकायचीच वस्तू आहे, आणि तीही पिशवीत बांधून.

नवे ब्लेड साठ रुपयांना मिळाले. बसवण्यापूर्वी त्याच्या धारेला टोनरची पूड हलकी चोळली. नाहीतर कोरडे रबर कोरड्या ड्रमला धरते आणि पहिल्याच फेरीत धार उलटते. पेटी रिकामी केली, भार चढवणारा रूळही कोरड्या कापडाने पुसला, कारण झिरपलेली भुकटी त्याच्यावरही बसते आणि तेथे भार कमी चढतो. हात थंड पाण्याने धुतले. गरम पाण्याने टोनर कातडीला धरतो. पहिल्या दोन पानांवर थोडी राखाडी छटा होती, तिसऱ्यापासून पान स्वच्छ.

जुना ओरखडलेला ड्रम मामांनी दुकानातून परत आणला होता. तो आता प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवला आहे. उन्हाच्या तिरिपेत त्याच्यावरचे चांदीसारखे कडे दुरूनही दिसते. दहा गुण गमावलेला मित्र येता-जाता त्याला हात लावून जातो. त्या ड्रमला आता बोट लागले तरी चालते. चहाचे पैसे मात्र त्याला अजून कुणी परत दिलेले नाहीत.