दार बंद, तरी दिवा चालू

जुलैतली पावसाळी सकाळ. चालक हॅचबॅक सुरू करतो आणि मीटरवर उघड्या दाराचं लाल चित्र पेटलेलंच राहतं. तो उतरून चारही दारं पुन्हा जोरात लावतो, डिकीही आपटतो. चित्र जात नाही.

दार खरंच नीट बसलं असेल, तर संशय दाराच्या कुलपात दडलेल्या छोट्या स्विचवर घ्यावा. पूर्वी हा स्विच दाराच्या चौकटीवर असे. रबरी टोपीतली ती दांडी दार लागलं की आत दाबली जायची. आता अनेक गाड्यांमध्ये तो कुलपातच बसवतात. दार लागताना चौकटीवरची लोखंडी कडी कुलपाच्या फिरत्या आकड्यात अडकते. आकडा दोन टप्प्यांत फिरतो, पहिल्यात अर्धवट आणि दुसऱ्यात पूर्ण. तो पूर्ण फिरला की स्विच ‘दार बंद’ असा निरोप देतो. धूळ, वाळलेलं ग्रीस किंवा झिरपलेलं पाणी स्विचच्या संपर्कबिंदूंवर साचलं, की निरोप अडतो.

दोष कुठे आहे हे ओळखायला एक साधी चाचणी आहे. आधी दाराची कड शेजारच्या पत्र्याशी सारखी बसते का पाहावं. कड बाहेर राहत असेल, तर दार खरोखरच अर्धवट लागलेलं आहे आणि चूक स्विचची नाही. कड नीट असेल तर दार उघडं ठेवून स्क्रू-ड्रायव्हरने आकडा ‘टक, टक’ असा दोनदा फिरवायचा. यामुळे गाडीला दार लागल्यासारखं वाटतं. बाकी दारं बंद असताना तरीही दिवा विझला नाही, तर याच कुलपाचा स्विच किंवा त्याची वायर संशयित ठरते. मग हँडल ओढून आकडा मोकळा करायला विसरू नये. तसंच दार लावलं तर आकडा कडीवर आदळून कुलूप खराब होतं.

डिकीत आणखी एक कारण सापडतं. झाकणाकडे जाणाऱ्या वायरी बिजागरीपाशी रबरी नळीतून जातात आणि प्रत्येक उघडझापीत वाकतात, त्यामुळे कालांतराने आतून तुटतात. नळी हलवली की दिवा लुकलुकला, तर तुटकी वायर शोधावी.

साचलेली घाण संपर्कबिंदू साफ करणाऱ्या स्प्रेने निघू शकते. स्प्रे मारून आकडा अनेकदा फिरवावा लागतो. बिंदू झिजले असतील तर हा उपाय टिकत नाही. अनेक गाड्यांत स्विच सुटा मिळत नाही, त्यामुळे दाराचं आतलं पॅनल काढून अख्खं कुलूप बदलावं लागतं.

तोवर आतला दिवा ‘दार’ या खुणेवरून ‘बंद’वर न्यावा. बारा व्होल्टचा पाच वॉटचा दिवा साधारण ०.४ अँपिअर ओढतो. तो आपोआप विझला नाही, तर दोन दिवसांत जवळपास १९ अँपिअर-तास खर्च होतात. पंचेचाळीस अँपिअर-तासांची जुनी बॅटरी मग गाडी सुरू करायला कमी पडू शकते. काही गाड्यांत दार उघडं समजून सेंट्रल लॉकही लागत नाही.

काही जण वायर जोडून दिवा कायमचा विझवतात. पण मग चालत्या गाडीत मागचं दार खरोखर अर्धवट राहिलं, तरी मीटरवर काहीच उमटणार नाही.