घशातील गोळा

समजा, पनवेलमधील एका शाळेत साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकातील एक प्रकरण वाचले जात आहे. शेवटच्या बाकावर बसलेल्या एका मुलाची आजी महिन्यापूर्वीच वारली आहे. वाचन ऐकता ऐकता त्याच्या घशात गोळा दाटून येतो. “मुलगे रडत नाहीत,” असे आजी गेली त्या दिवशी त्याला कोणीतरी सांगितले होते. म्हणून तो खिडकीबाहेर पाहतो व आवंढा गिळतो.

घशात खरोखर गोळा नसतो. दुःख झाले की श्वास अधिक घेता यावा म्हणून श्वासनलिकेचे तोंड उघडे राहू पाहते. गिळताना मात्र ते बंद व्हावे लागते. तेथील स्नायूंची अशी ओढाताण होते व काहीतरी अडकल्यासारखे वाटते. त्याच वेळी मेंदूकडून अश्रुग्रंथींना आज्ञा जाते. या ग्रंथी प्रत्येक डोळ्याच्या वर, बाहेरच्या बाजूस असतात. डोळा ओला राहावा म्हणून अश्रू नेहमीच थोडेथोडे पाझरतात आणि नाकाजवळच्या कोपऱ्यातील दोन सूक्ष्म छिद्रांतून नाकात उतरतात. रडताना ते इतके येतात की छिद्रांना आवरत नाहीत. काही गालांवर ओघळतात, काही नाकातून वाहतात. रडणाऱ्याला नाक पुसावे लागते ते यामुळेच!

कांदा चिरतानाही डोळ्यांत पाणी येते. पण ते केवळ डोळ्यांची आग शमविण्यासाठी. दुःखाचे अश्रू दुसऱ्यालाही काही सांगतात. बोलता न येणारे तान्हे मूल रडूनच आईला बोलावते. मोठेपणीही अश्रू पाहून जवळचे माणूस धावून येते.

मग वर्गात अश्रू आवरल्याने त्या मुलाला अपाय झाला काय? नाही. तेवढ्याने शरीरात विष साठत नाही. तथापि, आवरणे फुकट होत नाही. इ. स. 1997 मध्ये ग्रॉस व लेव्हनसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दुःखद चित्रपट पाहताना ज्यांना भावना लपविण्यास सांगितले होते, त्यांचे चेहरे शांत दिसले. पण दुःख कमी झाले नाही आणि शरीरावर ताण मात्र अधिक पडला. रोजच असे दडपीत राहिल्यास माणूस थकतो व एकटा पडतो. उलट, रडल्याने प्रत्येकाला हलके वाटतेच असेही नाही. कोणी हसले किंवा रागावले, तर रडणे अधिकच जड जाते. म्हणून जागा महत्त्वाची.

त्या मुलाचे घर दोन खोल्यांचे, माणसे सहा. एके संध्याकाळी तो आईला म्हणाला, “आई, मला थोडा वेळ एकट्याला बसायचे आहे.” आईने कारण विचारले नाही. तिने धाकट्यांना ओटीवर नेले व मधले दार ओढून घेतले. तो आजीच्या पेटीला टेकून बसला. प्रथम काहीच झाले नाही. मग पेटीवरील तिची घडी केलेली शाल दिसली, आणि त्याला रडू फुटले.

दिवसामागून दिवस रडू थांबत नसते, जेवण वा झोप सुटली असती, तर आईने त्याला डॉक्टरांकडे नेले असते. तसे झाले नाही. अर्ध्या तासाने तो तोंड धुऊन ओटीवर आला. डोळे लाल होते. आईने सरकून त्याला शेजारी जागा करून दिली.